इझन्ट इट, राइट, वुड यू: संवादातल्या टॅगचं मराठी आणि हिंदी करताना

इंग्रजी संवादात वाक्याच्या शेवटी ‘इझन्ट इट’, ‘डोन्ट यू’ किंवा ‘राइट’ असा टॅग आला की भाषांतर करणारा बहुतेक वेळा ‘ना?’ लिहून पुढे जातो. पुष्कळदा ते चालतं. पण चालत नाही तिथे वाक्याचा अर्थच उलटा होतो. एक अनोळखी बाई टपालकचेरीत शेजारच्या माणसाला विचारते, ‘यू वुडन्ट हॅव अ पेन, वुड यू?’ भाषांतरात येतं, ‘तुमच्याकडे पेन नाही ना?’ मराठी ऐकणाऱ्याला वाटतं, पेन नसेल तर बरं, असं या बाईंना वाटतंय. मूळ वाक्यात तर त्या अदबीनं पेन मागत होत्या.

चित्रपट आणि मालिकांची उपशीर्षकं, डबिंग, कथा, नाटक अशा ठिकाणी इंग्रजीतून मराठी किंवा हिंदी संवाद लिहिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. दोन्ही भाषा एकत्र घेतल्या आहेत, कारण आपल्याकडे अनेकदा एकच माणूस दोन्हींत काम करतो आणि एका भाषेची सवय दुसरीत शिरते.

पहिली पायरी: टॅग झाका आणि बोलणाऱ्याला काय माहीत आहे ते ठरवा

इंग्रजी टॅग व्याकरणातून तयार होतो. वाक्यातलं सहायक क्रियापद आणि सर्वनाम घ्यायचं आणि होकार-नकार उलटवायचा. त्यामुळे तो प्रत्येक वाक्यागणिक बदलतो. मराठी आणि हिंदीत असं यंत्र नाही. आपल्याकडे काही ठरावीक शब्द आहेत आणि त्यातला कोणता वापरायचा ते व्याकरण नाही, तर बोलणाऱ्याचं मन ठरवतं. म्हणून टॅगमधलं ‘ही’, ‘शी’, ‘दे’ किंवा ‘डझन्ट’, ‘हॅजन्ट’ यांच्याकडे पाहून काही हाती लागत नाही. टॅग बोटानं झाका, उरलेलं वाक्य वाचा आणि स्वतःला विचारा: हे खरं आहे असं बोलणारा धरून चालला आहे, की त्याला खरंच माहीत नाही?

चित्रपट समोर असेल तर आवाज ऐका. टॅगवर आवाज खाली उतरला तर माणसाला माहीत आहे आणि त्याला फक्त दुजोरा हवा आहे. आवाज वर चढला तर त्याला शंका आहे. ‘यू लिव्ह इन पुणे, डोन्ट यू’ हे उतरत्या आवाजात असेल तर ‘तुम्ही पुण्यातच राहता ना.’ चढत्या आवाजात असेल तर ‘तुम्ही पुण्यात राहता ना?’ किंवा शंका मोठी असेल तर ‘तुम्ही पुण्यात राहता का?’ मराठीत हा फरक दाखवायला दोन सोपी साधनं आहेत: ‘च’ आणि विरामचिन्ह. ‘होतात ना?’, ‘होतात ना.’ आणि ‘होतात ना!’ ही तीन वेगळी वाक्यं आहेत. उपशीर्षकात आवाज वाचता येत नाही, म्हणून तिथे हे चिन्ह विचार करूनच टाकावं लागतं. हिंदीत ‘च’चं काम ‘ही’ करतो: ‘आप पुणे में ही रहते हैं न।’

दुसरी पायरी: ‘ना’ काय म्हणतो ते ओळखा

मराठी ‘ना’ आणि हिंदी ‘न’ यांच्यात एक गोष्ट समान आहे. दोन्ही, मागचं वाक्य खरं आहे असं बोलणाऱ्याला वाटतं, हे सांगतात. वाक्य होकारार्थी असेल तर अडचण येत नाही. ‘तू येशील ना?’ म्हणजे येशील असं मला वाटतं आणि तसं व्हावं अशी इच्छाही आहे. वाक्य नकारार्थी असेल तर हीच अपेक्षा नकाराला चिकटते. ‘पाऊस पडणार नाही ना?’ म्हणणाऱ्याला पाऊस नको आहे. ‘तुम्हाला राग नाही ना आला?’ म्हणणाऱ्याला राग आलेला नको आहे. या वाक्यांत काळजी असते.

इंग्रजीत नकारार्थी वाक्याला होकारार्थी टॅग मुख्यतः दोन अगदी वेगळ्या कामांसाठी लागतो. एक काम हेच, काळजीचं: ‘यू आर नॉट अँग्री, आर यू?’ इथे ‘रागावला नाहीस ना?’ अगदी चपखल बसतं. दुसरं काम आडून मागण्याचं किंवा आडून विचारण्याचं असतं: ‘यू हॅवन्ट सीन माय कीज, हॅव यू?’ इंग्रज माणूस नकार आधीच पुढे करून समोरच्याची वाट मोकळी करून देतो, म्हणजे ‘नाही’ म्हणताना त्याला अवघडायला होऊ नये. मराठीत ही अदब नकारानं येत नाही, भविष्यकाळानं आणि ‘का’नं येते: ‘तुमच्याकडे पेन असेल का?’, ‘माझ्या किल्ल्या कुठे दिसल्या का रे?’ हिंदीतही तसंच: ‘आपके पास पेन होगा क्या?’, ‘मेरी चाबियाँ कहीं देखीं?’ तपासायची खूण सोपी आहे. मूळ वाक्यात माणसाला वस्तू हवी आहे का? हवी असेल तर नकार काढून टाका, ‘ना’ही काढून टाका.

नकाराची आणखी एक गंमत मराठीत आहे. आपल्याकडे नकार क्रियापदाचं रूपच बदलतो: आहे आणि नाही, होतं आणि नव्हतं, हवं आणि नको. त्यामुळे इंग्रजी टॅगची नक्कल करायला गेलं तर ‘चहा हवाय, नको का?’ असं काहीतरी तयार होतं, जे कोणत्याच घरात कोणी बोलत नाही. ‘चहा हवाय ना?’ आणि ‘चहा नकोय ना?’ ही दोन वाक्यं पुरेशी आहेत.

तिसरी पायरी: वेगळा टॅग हवा की वाक्यातच मुरलेला

‘ना’ वाक्यात मुरतो. त्याच्याआधी स्वल्पविराम लागत नाही आणि तो नेहमी शेवटीच असतो असंही नाही. ‘तूच ना सांगितलंस?’ आणि ‘तू सांगितलंस ना?’ यात जोर हलतो. पहिल्यात सांगणारा कोण याची खात्री करायची आहे, दुसऱ्यात सांगितलं की नाही याची. इंग्रजीत हा जोर आवाजावर सोडलेला असतो, म्हणून जोराचा शब्द कोणता ते ऐका आणि ‘ना’ त्याच्याजवळ ठेवा.

याउलट ‘हो ना?’, ‘नाही का?’, ‘बरोबर?’ हे वाक्य संपल्यावर स्वल्पविरामानंतर येणारे टॅग आहेत. त्यांच्यासाठी वाक्यात एक छोटी थांबण्याची जागा लागते. बोलणारा घाईत असेल तर ते जड होतात. ‘नाही का?’ जरा वाद घालणारा, पटवून देणारा आहे: ‘शेवटी पैसे आपलेच गेले, नाही का?’ सभेत, वकिलाच्या तोंडी, वडीलधाऱ्यांच्या समजुतीच्या बोलण्यात तो शोभतो. कॉलेजातल्या मुलीनं मैत्रिणीला ‘हा ड्रेस छान आहे, नाही का?’ म्हटलं की भाषांतराचा वास येतो. ती म्हणेल, ‘काय भारी आहे ना हा ड्रेस!’

‘हो ना’ची एक अडचण लक्षात ठेवण्यासारखी आहे. मराठीत ते दुजोऱ्याचं उत्तरही आहे. एक म्हणतो, ‘किती उकडतंय!’ दुसरा म्हणतो, ‘हो ना!’ म्हणून एकाच पात्राच्या दोन ओळींमध्ये एकटा ‘हो ना’ लिहिला आणि पडद्यावर कोण बोलतंय ते दिसत नसेल, तर वाचकाला ते दुसऱ्याचं उत्तर वाटू शकतं.

हिंदीतून येणारी एक चूक अलीकडे फार दिसते. हिंदीत ‘है न?’ हा गोठलेला टॅग आहे. मागचं वाक्य कोणत्याही काळातलं असलं तरी तो चालतो: ‘तुम कल आओगे, है न?’ मराठीत ‘तू उद्या येशील, आहे ना?’ असं होत नाही. ‘आहे ना’ मराठीत फक्त तिथेच, जिथे वाक्याचं क्रियापदच ‘आहे’ असतं. हिंदी डबिंगवरून मराठी तयार होतं तेव्हा हा ‘आहे ना’ पटकन घुसतो. मराठी मजकुरात ‘, आहे ना?’ एवढंच शोधून पाहिलं तरी अशा जागा सापडतात.

लेखनाचंही इथेच सांगतो. मराठीत हा शब्द ‘ना’ असाच, दीर्घ आणि सुटा. ‘येशीलना’ असं जोडू नका. हिंदीत ‘न’ आणि ‘ना’ दोन्ही दिसतात. कोणतंही एक ठरवा आणि अख्ख्या कामात तेच ठेवा.

चौथी पायरी: ‘राइट?’ची तीन कामं

अमेरिकी बोलण्यात ‘राइट?’ इतक्यांदा येतो की त्याला एकच प्रतिशब्द देणं अशक्य आहे. तो खात्री करून घेतो: ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट एट थर्टी, राइट?’ अशा वेळा, आकडे, नावं, पत्ते यांच्या बाबतीत ‘बरोबर?’ उत्तम बसतं: ‘गाडी साडेआठला सुटते, बरोबर?’ हिंदीत ‘ट्रेन साढ़े आठ बजे है न?’ पण भावनेच्या वाक्याला ‘बरोबर’ लावू नका. ‘तुला माझा राग आलाय, बरोबर?’ यात प्रेयसी नाही, परीक्षक बोलतो. तिथे ‘राग आलाय ना तुला माझा?’ हवं.

दुसरं काम गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याला धरून ठेवण्याचं: ‘सो आय वेन्ट टू द बँक, राइट?’ इथे प्रश्न नाहीच, उत्तराची अपेक्षाही नाही. मराठीत हे काम ‘ना’ वाक्याच्या मध्ये राहून करतो आणि पुढचं वाक्य ओढून घेतो: ‘मी बँकेत गेले ना, तर तिथे ही एवढी रांग!’ हिंदी: ‘मैं बैंक गई न, तो वहाँ इतनी लंबी लाइन!’ प्रश्नचिन्ह टाकलं की गोष्ट तुटते. तिसरं काम शिकवणाऱ्याचं किंवा ताकीद देणाऱ्याचं असतं. तिथे ‘लक्षात आलं ना?’, ‘बरं का’, ‘कळलं?’ आणि हिंदीत ‘समझे न?’, ‘ठीक है?’ जवळचे आहेत. ‘बरं का’ मराठीचं फार सुंदर साधन आहे. ते ताकीदही देतं आणि मायाही ठेवतं: ‘उन्हात फिरू नकोस बरं का.’

पाचवी पायरी: टोमणा आणि हुकूम

इंग्रजी टॅग नेहमी होकार-नकार उलटवत नाही. ‘सो यू आर अ डॉक्टर, आर यू?’ यात दोन्हीकडे होकार आहे. हे संशयाचं, टोमण्याचं किंवा धमकीचं वाक्य असतं. इथे ‘ना’ लिहिणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण ‘म्हणजे तुम्ही डॉक्टर आहात ना?’ म्हटल्यावर टोमणा मरतो आणि साधी चौकशी उरते.

मराठीकडे यासाठी तीन चांगले शब्द आहेत. ‘होय’ टोमण्याला: ‘मला शिकवतोस होय रे?’ ‘वाटतं’ अंदाज बांधून बोलण्याला: ‘आज लवकर आलात वाटतं?’ त्यात सौम्य चिमटाही असतो आणि नुसतं निरीक्षणही. ‘की काय’ अविश्वासाला: ‘वेड लागलंय की काय तुला?’ हिंदीत हे काम बहुतेक वेळा वाक्याच्या सुरुवातीला जातं: ‘अच्छा, तो आप डॉक्टर हैं?’, ‘मुझे सिखाओगे?’ म्हणजे मराठीत शेवटी पडणारा भार हिंदीत पुढे सरकतो. तिथेही शेवटी ‘न’ ठेवण्याचा मोह टाळा.

हुकमाच्या टॅगचंही असंच. ‘सिट डाउन, विल यू?’ याला ‘बसशील ना?’ केलं तर ते वचन मागणं होतं. आज्ञार्थात ‘ना’ विनवणी करतो: ‘बस ना.’ ‘की’ थोडी आपुलकीची घाई करतो: ‘बसा की, उभे का?’ ‘बघू’ मोठ्या माणसाचा अधिकार आणतो: ‘बस बघू इथे.’ आणि ‘बसतोस का?’ म्हटलं की पुढे काहीतरी वाईट होणार हे कळतं. बोलणारा आई आहे, मित्र आहे की फौजदार, त्यावर या चारांतला एक ठरतो. हिंदीत ‘बैठो न’, ‘बैठिए ज़रा’, ‘बैठते हो कि नहीं?’ अशी चढती भाजणी मिळते. ‘शॅल वी?’ सोपा आहे: ‘निघूया?’ आणि ‘चलें?’ क्रियापदाचं रूपच विचारतं, वेगळा टॅग नको.

‘आय टोल्ड यू, डिडन्ट आय?’ला मात्र मराठीत थाट आहे. ‘सांगितलं होतं ना मी!’, ‘सांगितलं होतं की नाही मी?’, ‘म्हटलं नव्हतं मी?’ या तिन्हींत क्रियापद पुढे आणि ‘मी’ शेवटी आला आहे. ‘मी सांगितलं होतं ना’ असा सरळ क्रम ठेवला तर चिडणं निम्मं होतं. हिंदीतही क्रम उलटा होतो: ‘कहा था न मैंने!’

सहावी पायरी: उत्तर आणि प्रश्न एकत्र तपासा

टॅगचं भाषांतर झालं की पुढची ओळ लगेच वाचा. इंग्रजीत ‘यू डिडन्ट कम यस्टरडे, डिड यू?’ याला ‘नो’ म्हणजे आलो नाही. मराठी माणूस मात्र पुष्कळदा समोरच्याच्या म्हणण्याला होकार देतो: ‘काल आला नाहीस ना?’ ‘हो, नाही आलो.’ अशा जागी नुसतं ‘नाही’ किंवा नुसतं ‘हो’ लिहिलं तर वाचक गोंधळतो. क्रियापद घालून उत्तर लिहा: ‘नाही आलो.’ आणि विरोध करायचा असेल तर ‘आलो होतो की!’ हा ‘की’ खोडून काढण्याचं काम एकटा करतो. हिंदीत ते ‘तो’ करतो: ‘आया तो था!’

एक प्रसंग पूर्ण करून पाहू

चोरीच्या तपासाचं दृश्य घ्या. इंग्लंडमधलं छोटं गाव, इन्स्पेक्टर, दुकानदाराचा तरुण पुतण्या आणि त्याची काकू. पहिली ओळ इन्स्पेक्टरची: ‘यू वर ॲट द शॉप दॅट नाइट, वरन्ट यू?’ आवाज उतरता. त्याला माहीत आहे. ‘त्या रात्री तुम्ही दुकानातच होतात ना.’ पूर्णविराम मुद्दाम. हिंदी: ‘उस रात आप दुकान में ही थे न।’ मुलगा म्हणतो, ‘नो.’ मूळ वाक्य होकारार्थी असल्यानं इथे ‘नाही’ पुरतं, पण ‘नव्हतो’ जास्त ठाम आहे आणि तेवढंच छोटं.

पुढे इन्स्पेक्टर विचारतो, ‘यू डिडन्ट टेल युअर अंकल, डिड यू?’ हे काळजीचं नाही, आडून मागण्याचंही नाही. त्याला माहीत असलेला नकार तो वदवून घेतोय. म्हणून ‘ना’ बसतो: ‘काकांना हे सांगितलं नाहीत ना तुम्ही?’ उत्तर ‘नो’. इथे एकटा ‘नाही’ धोक्याचा, म्हणून ‘नाही सांगितलं.’

मुलगा उद्धटपणे तपास कसा करायचा ते सुचवतो. इन्स्पेक्टर: ‘सो यू नो बेटर दॅन द पोलिस, डू यू?’ दोन्हीकडे होकार, म्हणजे टोमणा. ‘म्हणजे पोलिसांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं होय?’ हिंदी: ‘अच्छा, तो पुलिस से ज़्यादा आप जानते हैं?’ मुलगा उठू लागतो. ‘सिट डाउन, विल यू.’ इन्स्पेक्टर अजून ‘तुम्ही’वर आहे, म्हणून ‘बसा बघू.’ तो इथे ‘तू’वर उतरावा असं तुम्हाला वाटत असेल तर ‘बस खाली’ करा, पण मग पुढच्या सगळ्या ओळींत ‘तू’च ठेवावा लागेल. इंग्रजी टॅगमधला ‘यू’ हा निर्णय तुमच्यावर सोडतो, आणि दृश्याचा रंग त्यावर ठरतो.

शेवटी काकू मध्ये पडते: ‘ही इज जस्ट अ बॉय, इझन्ट ही?’ हा प्रश्न नव्हे, गयावया आहे. ‘लहान आहे हो तो!’ टॅग पूर्ण गेला आणि ‘हो’ या संबोधनानं विनवणी आली. हिंदीत ‘बच्चा ही तो है!’ तिथेही टॅग गेला. संबोधनाचे ‘रे’, ‘गं’, ‘हो’ टॅगची अर्धी कामं करतात, आणि ते कोण कोणाशी बोलतंय हेही सांगतात: ‘येशील ना रे?’, ‘येशील ना गं?’, ‘याल ना हो?’ हिंदीत ‘यार’, ‘भैया’, ‘जी’ यांची मदत होते, पण ती दर वाक्याला घेतली तर बोलणं नाटकी होतं.

बोलीत आणि डबिंगमध्ये

पात्र खेड्यातलं करायचं ठरलं असेल तर टॅगही त्या बोलीतला हवा, नाहीतर वाक्य अर्धं शहरी राहतं. पश्चिम महाराष्ट्रात ‘न्हवं’ ऐकू येतं: ‘बरं हाय न्हवं?’ मालवणीत ‘मा’: ‘बरो आसस मा?’ नागपूरकडे मित्रामित्रांत ‘ना बे’ चालतं. पण एकच बोली निवडा आणि ती बोलणाऱ्या माणसाकडून सगळे संवाद तपासून घ्या. टॅग बोलीचा आणि क्रियापद पुस्तकी, असं झालं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

डबिंगमध्ये ओठ आणि वेळ दोन्ही बघावे लागतात. ‘राइट?’ एका झटक्यात संपतो, तिथे ‘ना?’ किंवा नुसता ‘हं?’ बसतो. ‘इझन्ट इट?’ तीन अक्षरांचा आहे, त्याच्यावर ‘नाही का?’ वेळेच्या दृष्टीनं अचूक बसतं, आणि म्हणूनच ते जिथे शोभत नाही तिथेही लिहिलं जातं. अशा वेळी टॅगची तीन अक्षरं मागच्या वाक्यात मुरवा. ‘हवा छान आहे, नाही का?’ऐवजी ‘काय सुरेख हवा पडलीय ना आज!’ ओठ तेवढाच वेळ हलतात. कॅमेरा पाठीमागून असेल किंवा बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नसेल, तर ही काळजीही सोडून द्या आणि फक्त कानाला बरं वाटेल ते लिहा.